आधी वाक्य, मग पर्याय : समसंबंध आणि गटात न बसणारा शब्द

मडकी : उतरंड :: भाकरी : ?
(१) तवा (२) चवड (३) पीठ (४) टोपली

हा प्रश्न पर्यायांसकट एका दमात वाचला की अनेक मुलांचे बोट तव्यावर जाते. भाकरी म्हटले की तवा आठवतोच, त्यासाठी डोक्याला काही करावे लागत नाही. जरा सावध मुले टोपली निवडतात, कारण मडकी उतरंडीत असतात तशा भाकरी टोपलीत असतात. बरोबर उत्तर चवड आहे. घरी आजीच्या तोंडून ‘भाकरीची चवड’ ऐकलेली मुलेसुद्धा इथे तवा रंगवून येतात, म्हणजे दरवेळी शब्द माहीत नसल्यामुळे उत्तर चुकते असे नाही. पर्याय फार लवकर वाचले, एवढेच झालेले असते.

शिष्यवृत्ती परीक्षेची बुद्धिमत्ता चाचणी, पोलीस भरती, सरळसेवेच्या परीक्षा या सगळ्यांत असे प्रश्न येतात. कुठे त्याला समसंबंध म्हणतात, कुठे सहसंबंध. त्याचाच जोडीदार म्हणजे ‘गटात न बसणारा शब्द ओळखा’. दोन्हींची तयारी साधारणपणे याद्या पाठ करून घेतली जाते: प्राणी आणि त्यांची पिल्ले, प्राणी आणि त्यांचे आवाज, समूहदर्शक शब्द. याद्या हव्यातच, पण यादीतली जोडी ओळखीची वाटली म्हणजे तिचे नाते कळले असे होत नाही. हा लेख त्या मधल्या टप्प्याबद्दल आहे: पर्यायांकडे पाहण्याआधी नाते स्वतः शोधायचे, ते वाक्यात पकडायचे, आणि मगच पुढे जायचे.

पर्याय तुमच्या बाजूचे नसतात

प्रश्न काढणारा चुकीचे पर्याय कुठून आणतो ते आधी पाहू. त्याच्याजवळ बरोबर उत्तर तयार असते. उरलेले तीन शब्द असे हवेत की नुसता अंदाज बांधणारा त्यांत अडकेल. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तिसऱ्या शब्दाचे नातेवाईक गोळा करायचे. भाकरी तव्यावर भाजतात, पिठाची करतात, टोपलीत ठेवतात. तिन्ही गोष्टी खऱ्याच आहेत, आणि त्या खऱ्या असल्यामुळेच पर्याय मोहात पाडतात. आपले मन ‘भाकरीच्या जवळचे काय’ या प्रश्नाचे उत्तर देते आणि समाधान पावते. प्रश्न मात्र वेगळा होता: मडक्यांचे उतरंडीशी जे नाते, तेच भाकरीचे कशाशी?

म्हणून पहिली पायरी अगदी शारीरिक आहे. पर्यायांच्या ओळीवर हात ठेवा किंवा कोरा कागद ठेवा. सरावाच्या पहिल्या काही आठवड्यांत हे खरोखर करायचे, नुसते मनात ठरवून चालत नाही. डोळा खालच्या ओळीवर घसरतोच. संगणकावरच्या परीक्षेत पडद्यावर हात ठेवता येत नाही, तिथे प्रश्नाची जोडी वाचून लगेच कच्च्या कामाच्या कागदाकडे वळायचे आणि वाक्याचे दोन-तीन शब्द तिथे खरडायचे.

वाक्यात क्रियापद हवे

आता पहिल्या जोडीचे वाक्य करा. दोन्ही शब्द त्यात आले पाहिजेत, आणि त्या दोघांमध्ये नेमके काय घडते हे सांगणारे क्रियापद हवे. ‘मडकी उतरंडीशी संबंधित आहेत’ हे वाक्य बाद. ‘संबंधित’, ‘उपयोगी’, ‘लागते’ हे शब्द मी सरावात सरळ बंद करतो, कारण ते कुठल्याही दोन शब्दांत बसतात.

उतरंडीचे पहिले वाक्य बहुधा असे येते: ‘मडकी उतरंडीत असतात.’ क्रियापद आहे, पण ढिले आहे. त्यात भाकरी घातली की ‘भाकरी टोपलीत असतात’ हे बिनतक्रार बसते. अशा वेळी स्वतःला विचारायचे, दुसरा शब्द म्हणजे नक्की काय? टोपली ही वस्तू आहे, भाकरी नसल्या तरी टोपली असते. उतरंड तशी नाही. मडकी काढून घेतली तर मागे उतरंड उरत नाही, कारण मडकी एकावर एक रचली की त्या रचनेलाच उतरंड म्हणतात. झाले वाक्य: ‘मडकी एकावर एक रचली की उतरंड होते.’

आता मडक्यांच्या जागी भाकरी: ‘भाकरी एकावर एक रचल्या की … होते.’ चवड हा शब्द माहीत असेल तर तो इथेच तोंडात येतो. तो कागदावर लिहा आणि मग हात काढा. शब्द आठवला नाही तरी वाक्य वाया जात नाही. ‘एकावर एक रचल्या की तवा होतो’, ‘पीठ होते’, ‘टोपली होते’ यांपैकी एकही वाक्य उभे राहत नाही, आणि चवड ओळखीची नसतानाही उरते तीच.

पायऱ्या एवढ्याच आहेत. पर्याय झाकायचे, वाक्य करायचे, तिसरा शब्द त्याच वाक्यात घालायचा, स्वतःचे उत्तर ठरवायचे, मग पर्याय उघडून चारही वाचायचे. गडबड होते ती वाक्य करण्याच्या पायरीवर, म्हणून तिथेच जास्त थांबू.

एकाच कामाच्या तीन बाजू

व्यवसायांच्या जोड्या सोप्या समजल्या जातात आणि त्यातच गुण जातात.

कुंभार : चाक :: शिंपी : ?
(१) कापड (२) सदरा (३) शिवणयंत्र (४) गिऱ्हाईक

कुंभाराच्या हाताशी माती असते, चाक असते, आणि शेवटी मडके तयार होते. म्हणजे एक कच्चा माल, एक साधन, एक तयार वस्तू. शिंप्याच्या बाबतीत तेच कापड, शिवणयंत्र आणि सदरा. प्रश्न काढणाऱ्याने तिन्ही पर्यायांत ठेवले आहेत, वर एक गिऱ्हाईक. ‘कुंभार चाक वापरतो’ हे वाक्य पुरेसे वाटते, पण शिंपी कापडही ‘वापरतो’च. ‘वापरतो’ हे क्रियापद साधनालाही चालते आणि मालालाही चालते, म्हणून ते काढून टाका. ‘कुंभार चाकाच्या मदतीने वस्तू घडवतो’ म्हटले की कापड आपोआप बाहेर जाते आणि शिवणयंत्र उरते.

जोडी बदलून ‘कुंभार : माती’ केली तर त्याच चार पर्यायांतून कापड बरोबर ठरते. ‘कुंभार : मडके’ केली तर सदरा. सरावासाठी हा खेळ चांगला आहे: पर्याय तेच ठेवायचे, पहिल्या जोडीतला एकच शब्द बदलायचा आणि उत्तर कसे हलते ते पाहायचे. लोहार, सोनार, सुतार, चांभार या प्रत्येकाच्या तिन्ही बाजू एकदा लिहून काढल्या की यादी पाठ करण्यापेक्षा जास्त उपयोग होतो.

दिशाही इथेच तपासायची. पहिल्या जोडीत करणारा आधी आणि साधन नंतर असेल, तर दुसऱ्या जोडीतही तोच क्रम हवा. ‘वस्तरा : न्हावी :: चाक : ?’ असे उलटे आले तर वाक्यही उलटे करावे लागते: ‘वस्तऱ्याने काम करतो तो न्हावी.’ रिकामी जागा कधी कधी सुरुवातीला असते, जसे ‘? : पाडस :: मेंढी : कोकरू’. तेव्हा पूर्ण जोडी उजवीकडे आहे, वाक्य तिचे करायचे: ‘मेंढीच्या पिल्लाला कोकरू म्हणतात.’ मग पाडस कोणाचे? हरणाचे.

तिसरा शब्द वाचल्याशिवाय वाक्य पक्के करू नका

कोळी : जाळे :: ?

या जोडीचे वाक्य करा. काही जण म्हणतील, ‘कोळी आपले जाळे स्वतः विणतो.’ काही म्हणतील, ‘कोळी जाळ्याने मासे पकडतो.’ कोकणातले मूल बहुधा दुसरे म्हणेल. दोन्ही वाक्ये नीट आहेत, क्रियापदे ठोस आहेत, आणि तरी दोघांपैकी कोण बरोबर हे अजून सांगता येत नाही. तिसरा शब्द न्हावी असेल तर कोळी हा माणूस आहे, जाळे हे त्याचे साधन, आणि उत्तर वस्तरा. तिसरा शब्द मधमाशी असेल तर कोळी हा कीटकांवर जगणारा आठ पायांचा प्राणी, जाळे त्याने स्वतः बांधलेले, आणि उत्तर पोळे.

मराठीत असे दुहेरी शब्द भरपूर आहेत. कर, माळ, पान, वर, नाव, काळ. पहिली जोडी वाचून वाक्य कच्चे करायचे, तिसरा शब्द वाचून ते पक्के करायचे. वाक्यात तिसरा शब्द घातल्यावर ते हास्यास्पद झाले (‘मधमाशी कशाने मासे पकडते?’) तर तिसऱ्या शब्दाला दोष देऊ नका, पहिल्या जोडीकडे परत जा. पर्यायांवरचा हात अजून काढायचा नाही. हीच ती वेळ असते जेव्हा मुले वैतागून हात काढतात आणि मधमाशी पाहून ‘मध’ निवडतात.

दोन पर्याय बसले तर

वाक्य चांगले असूनही कधी दोन पर्याय त्यात बसतात.

सुकाळ : दुष्काळ :: सुलभ : ?
(१) सोपे (२) कठीण (३) दुर्लभ (४) उपलब्ध

पहिले वाक्य: ‘सुकाळच्या विरुद्ध दुष्काळ.’ सुलभच्या विरुद्ध कठीण हे चुकीचे म्हणता येणार नाही, आपण ‘सुलभ भाषा’ आणि ‘कठीण भाषा’ म्हणतोच. दुर्लभही विरुद्धच. मग वाक्यात अजून एक गोष्ट भरायची, पण ती मनाने आणायची नाही, पहिल्या जोडीतूनच उचलायची. त्या जोडीत दिसणारी पण आपण न वापरलेली गोष्ट कोणती? दोन्ही शब्द काळ या एकाच शब्दापासून झालेत, एकाला सु लागला, दुसऱ्याला दुस्. नवे वाक्य: ‘सु काढून त्याच्या उलट अर्थाचा उपसर्ग लावला की विरुद्धार्थी शब्द होतो.’ सु-लभ, दुर्-लभ. कठीण गळला.

इथे एक शिस्त पाळावी लागते. वाक्य घट्ट करताना दोन पर्यायांकडे पाहून ‘यातला कोणता बरा’ असे ठरवायचे नाही. परत पहिल्या जोडीकडे जायचे. पर्यायांकडे बघत नियम शोधला की आवडत्या पर्यायाला सोयीचा नियम सापडतोच.

उलट अडचण म्हणजे एकही पर्याय न बसणे. त्याची कारणे बहुधा दोनच असतात. एक तर तुम्ही ठरवलेल्या उत्तराचा समानार्थी शब्द पर्यायांत असतो. तुम्ही ‘ढग’ लिहिला आणि तिथे ‘पयोधर’ छापला आहे. नाहीतर वाक्य गरजेपेक्षा घट्ट झाले आहे. ‘झुळूक : वादळ :: ठिणगी : ?’ याचे वाक्य कोणी ‘झुळूक सुखाची, वादळ नुकसान करणारे’ असे केले तर ठिणगी सुखाची नाही म्हणून तो अडकेल. तपशील काढून टाका: ‘झुळूक लहान, तीच गोष्ट फार मोठी झाली की वादळ.’ ठिणगीवरून वणवा मिळतो.

उच्च प्राथमिक शिष्यवृत्ती परीक्षेत काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय असतात आणि दोन्ही रंगवावे लागतात. तशी सूचना प्रश्नातच असते. तिथे घट्ट करण्याची घाई नको. वाक्य चारही पर्यायांवर चालवून पाहायचे.

शब्दच माहीत नसेल तर

वाक्य करायला दोन्ही शब्दांचे अर्थ हवेत, ही या पद्धतीची खरी मर्यादा. पण अर्थ पूर्ण माहीत असणे आणि अजिबात नसणे यांच्या मध्ये बरीच जागा असते. संस्कृतातून आलेल्या शब्दांत तर शब्द उकलला की अर्थ हाती लागतो.

जलज : कमळ :: जलद : ?
(१) वेगवान (२) सावकाश (३) मेघ (४) मासा

रोजच्या बोलण्यात जलद म्हणजे वेगाने जाणारा. जलद गाडी प्रत्येकाला माहीत आहे. पर्याय आधी वाचले तर ‘वेगवान’ उडी मारून वर येतो, आणि ‘जलद म्हणजे वेगवान’ हे खरेही असल्यामुळे शंका येत नाही. पर्याय झाकलेले असतील तर डोळ्यांसमोर फक्त जलज, कमळ आणि जलद आहेत. जलज का कमळ? ‘ज’ म्हणजे जन्मलेला. जल-ज, पाण्यात जन्मलेले, म्हणून कमळ. मग ‘द’ म्हणजे देणारा, जसा वरद, सुखद. जल-द, पाणी देणारा. पाणी कोण देतो? ढग. पर्यायांत मेघ आहे.

हा एक धागा धरला की शब्दांचे एक पूर्ण कुटुंब हाती येते. पाण्याचे कोणतेही नाव घ्या, नीर, वारी, अंबू, जल. त्याला ज लावला की कमळ: नीरज, वारिज, अंबुज, जलज. द लावला की ढग: नीरद, वारिद, अंबुद, जलद. धी लावला की समुद्र, म्हणजे पाण्याला धारण करणारा: जलधी, वारिधी, अंबुधी. डझनभर शब्द सुटे पाठ करण्याऐवजी पाण्याची चार नावे आणि तीन शेपट्या लक्षात ठेवायच्या.

आवाजांच्या यादीतही असे हाताला धरायला काहीतरी असते. ‘मोर : केकारव :: भुंगा : ?’ यात केकारव ऐकला नसेल, पण रव म्हणजे आवाज एवढे माहीत असेल तर वाक्य होते: ‘केकारव हा मोराचा आवाज.’ भुंग्याचा गुंजारव. मात्र नुसती शेपटी जुळवू नका. पर्यायांत ‘गौरव’ ठेवला तर तोही ‘रव’नेच संपतो. शब्दाचा तुकडा अर्थ देत असेल तरच तो धरायचा.

गटात न बसणारा शब्द

आता दुसरा प्रकार. इथे एक पेच आहे: पर्याय हाच प्रश्न असतो. मग झाकायचे काय?

दोन शब्द झाकायचे. पहिले दोन वाचून त्यांना बांधणारा नियम करायचा, ‘हे दोन्ही … आहेत’ अशा होकारार्थी वाक्यात. मग तिसरा उघडायचा आणि नियमात बसतो का पाहायचे, मग चौथा. चारही एकदम वाचले की मन वेगळा दिसणारा शब्द शोधू लागते, आणि वेगळेपणा तर प्रत्येक शब्दात सापडतो. एकात जोडाक्षर आहे, एक लांब आहे, एक नेहमीच्या बोलण्यातला नाही. आपल्याला वेगळ्याचे वर्णन नको, उरलेल्या तिघांचे वर्णन हवे. उत्तर ठरवताना ‘हा वेगळा, कारण…’ असे न म्हणता ‘हे तिघे … आहेत, हा नाही’ असे म्हणता आले पाहिजे.

तीच पिल्ले घेऊन तीन प्रश्न पाहू.

पहिला: वासरू, रेडकू, करडू, छावा.

पहिले दोन, वासरू आणि रेडकू: ‘ही प्राण्यांची पिल्ले आहेत.’ करडू बसते, छावाही बसतो. चारही बसले म्हणजे नियम फार रुंद आहे, अरुंद करा. पुन्हा पहिल्या दोघांकडे: गाईचे आणि म्हशीचे पिल्लू, म्हणजे ‘पाळीव प्राण्यांची पिल्ले’. करडू शेळीचे, बसते. छावा सिंहाचा, बसत नाही. तीन आत, एक बाहेर.

दुसरा: वासरू, पाडस, करडू, छावा. एकच शब्द बदलला. पाळीवचा नियम लावून पाहा. वासरू आणि करडू आत, पाडस आणि छावा बाहेर. दोन-दोन अशी फाळणी झाली की तो नियम प्रश्नाचा नाही, कितीही चांगला वाटला तरी सोडायचा. इथे मुले अडतात, कारण मागच्याच प्रश्नात हा नियम चालला होता. दुसरा नियम शोधा: वासरू, पाडस, करडू ही गवत-पाला खाणाऱ्या प्राण्यांची पिल्ले, छावा मांस खाणाऱ्याचा. तीन-एक. शिवाय ते वासरू, ते पाडस, ते करडू, पण तो छावा. लिंगाचा नियमही त्याच शब्दावर बोट ठेवतो. दोन स्वतंत्र नियम एकाच उत्तरावर आले की निर्धास्त पुढे जावे.

तिसरा: बछडा, छावा, पाडस, करडू. आहाराचा नियम लावला तर वाघ-सिंह एकीकडे, हरिण-शेळी दुसरीकडे. दोन-दोन. लिंग लावले तरी दोन-दोन. पाळीव-जंगली लावले तर बछडा, छावा, पाडस जंगली आणि करडू एकटे पाळीव. उत्तर करडू. तिन्ही प्रश्नांत करडू आहे, छावाही आहे, आणि उत्तर मात्र शेजाऱ्यांवरून ठरले. म्हणून ‘छावा वेगळा असतो’ अशी आठवण घेऊन परीक्षेला जाणे घातक.

एक अडचण उरते. पहिल्या दोन शब्दांतच वेगळा शब्द बसला असेल तर? थवा, जुडगा, कळप, तांडा असे आले समजा. पक्ष्यांचा थवा, किल्ल्यांचा जुडगा. नियम ‘समूहदर्शक शब्द’ एवढाच होतो आणि चारही आत येतात. अरुंद करायला गेले तर पक्षी आणि किल्ल्या यांत काही समान सापडत नाही. असे झाले की जोडी बदला, तिसरा आणि चौथा घ्या. कळप आणि तांडा: ‘सजीवांचे समूह.’ थवा आत, जुडगा बाहेर. पहिल्या जोडीवर चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त झगडायचे नाही.

आणि वर शिकलेले ज-द इथेही कामाला येते. पंकज, नीरज, जलद, सरोज. पटकन पाहणारा म्हणतो, बाकीच्यांत पाणी किंवा तळे आहे आणि पंक म्हणजे चिखल, म्हणून पंकज वेगळा. तो शब्दाच्या पहिल्या तुकड्यावर थांबला. पूर्ण अर्थ घेतले तर पंकज, नीरज, सरोज तिन्ही कमळ, जलद ढग. नियम अर्ध्या शब्दावर आणि नियम पूर्ण अर्थावर अशी निवड आली तर पूर्ण अर्थाचा घ्यावा.

सराव कसा करावा

शिष्यवृत्तीच्या एका पेपरात ९० मिनिटांत ७५ प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नाला सव्वा मिनिटाच्या थोडे आत. वाक्य करायला सुरुवातीला यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि पालक घाबरतात. सुरुवातीला घड्याळ लावूच नये. रोज दहा प्रश्न पुरेत, पण प्रत्येकाचे वाक्य वहीत पूर्ण लिहायचे. वाक्यासमोर स्वतःचे उत्तर, त्यासमोर निवडलेला पर्याय. उत्तरे तपासताना चुकलेल्या प्रश्नांची ही ओळ वाचली की चूक कुठे झाली ते कळते. वाक्यच ढिले असेल तर क्रियापदाकडे पाहा. वाक्य नेमके आणि स्वतःचे उत्तरही बरोबर, पण पर्याय भलताच रंगवला असेल, तर मूल पर्यायांना भुलले. वाक्याची जागा कोरी असेल तर शब्द माहीत नव्हता, तो त्या दिवशी शब्दकोशात पाहायचा. या तीन चुकांवर उपाय तीन वेगळे आहेत, आणि नुसती बरोबर-चूक मोजली तर त्या सगळ्या सारख्याच दिसतात.

आठवड्यातून एकदा मुलालाच प्रश्न काढायला सांगा. जोडी त्याने निवडायची आणि तीन फसवे पर्यायही त्यानेच आणायचे. ‘बाबा, तुम्ही यात नक्की फसाल’ असे म्हणत मूल जेव्हा ‘द्राक्षे : घड :: दुर्वा : ?’ लिहून पर्यायांत गणपती ठेवते, तेव्हा फसवा पर्याय कसा बनतो हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. (उत्तर जुडी.)

प्रश्नच सदोष असेल तर

कमळ, गुलाब, जास्वंद, मोगरा. ‘जमिनीवर वाढणारी फुले’ हा नियम कमळ बाहेर काढतो. ‘सुवासिक फुले’ हा नियम जास्वंद बाहेर काढतो. दोन्ही नियम तीन-एक आहेत आणि उत्तरे वेगळी. छापील सराव-पुस्तकांत असे प्रश्न वाटतात त्यापेक्षा जास्त भेटतात. अशा वेळी ज्या नियमाबद्दल वाद कमी, तो घ्यावा. कमळ पाण्यात वाढते याबद्दल दुमत नाही. वास मात्र कमी-जास्त असतो, कमळालाही मंद वास असतो. म्हणून मी कमळ रंगवीन, आणि त्यावर आणखी वेळ घालवणार नाही.

परीक्षेनंतर मात्र वेळ घालवायला हरकत नाही. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद शिष्यवृत्तीची आधी अंतरिम उत्तरसूची जाहीर करते आणि ठरलेल्या मुदतीत त्यावर आक्षेप मागवते. अंतिम सूची त्यानंतर येते. ‘उत्तर चुकले आहे असे वाटते’ एवढ्या आक्षेपात तपासणाऱ्याला पाहायला काही नसते. तुमचा नियम एका वाक्यात लिहा, तीन शब्द त्यात कसे बसतात ते एकेका ओळीत लिहा, चौथा का बसत नाही ते लिहा, आणि अर्थाचा मुद्दा असेल तर पाठ्यपुस्तकाचे किंवा शब्दकोशाचे पान जोडा. वहीत रोज वाक्य लिहिणाऱ्या मुलाकडे पहिल्या तीन गोष्टी तयारच असतात.